भरायची गरज नाही

मावशीला सख्खी बहीण नव्हती, म्हणजे खऱ्या नात्याने ती कुणाचीच मावशी नव्हती. तरी चौतीस वर्षं इस्पितळातला बायकांचा वॉर्ड तिला मावशी म्हणत आला. डॉक्टर म्हणायचे, सिस्टर म्हणायच्या, कालच दाखल झालेली आणि उद्या घरी जाणारी बाईसुद्धा म्हणायची. आया म्हणून लागली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि पहिल्या दिवशी एका सत्तर वर्षांच्या आजींनी तिला हाक मारली, "अहो मावशी, जरा भांडं द्या." तिने भांडं दिलं. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

काम काय, तर जे बाकी कुणी करत नाही ते सगळं. भांडी द्यायची, घ्यायची, धुवायची. उठता न येणाऱ्या बाईला या कुशीवरून त्या कुशीवर करून तिच्याखालची चादर बदलायची, आणि बदलताना तिला वर उचलायचं नाही, नुसतं कलंडवायचं. नव्या मुली चादर ओढायच्या. मावशी त्यांना म्हणायची, "अगं, गादीवर बाई आहे, पोतं नाही." आणि आणखी एक काम तिच्याकडे आपोआप आलं होतं. ऑपरेशनला नेण्याआधी बाईच्या अंगावरचे दागिने काढायचे. घट्ट बसलेल्या बांगड्या साबण लावून, हाड दाबून, न दुखवता काढायची हातोटी वॉर्डात फक्त तिच्याकडे होती. काढलेली प्रत्येक वस्तू नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर मोजायची, रुमालात बांधायची, वहीत लिहून त्यांची सही घ्यायची. चौतीस वर्षांत नाकातली एक फुलीसुद्धा इकडची तिकडे झाली नाही. लोकांचं सोनं तिने इतकं हाताळलं होतं, की बांगडी हातात घेतली की भरीव की पोकळ हे ती डोळे मिटून सांगायची.

तिच्या स्वतःच्या चार बांगड्या होत्या. कुणी दिलेल्या नव्हत्या. नवरा लग्नानंतर पाच वर्षांत गेला, मागे एक सायकल आणि देणेकऱ्यांची यादी ठेवून. त्या बांगड्या तिने एकेक करून केल्या, पाच-सहा वर्षांना एक. वॉर्डात त्या घालायची सोय नव्हती आणि वॉर्डाबाहेर ती फारशी कुठे जातच नव्हती. त्यामुळे त्या तिच्या हातात कमी आणि ट्रंकेत जास्त राहिल्या. पण त्या कशासाठी आहेत ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती राहत होती ती खोली इस्पितळाची होती, नोकरी आहे तोवर. निवृत्त झालं की महिन्याच्या शेवटच्या तारखेला किल्ली द्यायची. मग कुठे जायचं? तर बांगड्या विकून अनामत भरायची आणि लहानशी का होईना, स्वतःच्या कुलपाची खोली घ्यायची. कुणाच्या दारात जाऊन राहायचं नाही. हा तिचा एवढाच हट्ट होता आणि तो तिने कुणाला सांगितला नव्हता, भाऊ सोडून.

भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा. सोफे बनवायचा, जुन्या खुर्च्यांना नवं कापड चढवायचा. माणूस वाईट नव्हता. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याला शिव्या द्याल, आणि द्याच. पण तो वाईट नव्हता, सोयीस्कर होता. अशा माणसांना ऐकू सगळं येतं, लक्षात फक्त सोयीचं राहतं.

निवृत्तीला तेरा महिने राहिले होते, तेव्हा तो एका रविवारी आला. जाड कापड आणि रेक्झिन शिवणारं एक मोठं मशीन विकायला निघालं होतं. एका हॉटेलचं काम मिळत होतं, पण मशीन असेल तरच.

"ताई, एक लाख वीस हजार," तो म्हणाला. "तुझ्या बांगड्या मी मागत नाहीये. गहाण ठेवू. वर्षात सोडवून देतो. तुझी निवृत्ती व्हायच्या आधी बांगड्या तुझ्या हातात."

"आणि व्याज?"

"व्याज माझं. दर महिन्याला तुझ्या हातात आणून देतो. तुला दमडीची तोशीस नाही."

बांगड्या तिच्या, म्हणून कर्ज तिच्या नावावर. दोघं पतपेढीत गेली. तिथल्या सोनाराने बांगड्या कसोटीच्या दगडावर घासल्या, ॲसिडचा थेंब टाकला, काट्यावर ठेवल्या आणि सांध्यांवरच्या डागाचं वजन वजा करून छत्तीस ग्रॅम लिहिले. किंमत दोन लाखांच्या थोडी वर. कर्ज देणारे साहेब तरुण होते, पण समजावून सांगण्यात त्यांनी कसूर केली नाही. म्हणाले, "मावशी," हो, तेही मावशीच म्हणाले, "या योजनेत हप्ता नाही. मुदत बारा महिने. महिन्याला एक टक्का व्याज, ते दर महिन्याला तुमच्या कर्जखात्यात चढत जाईल. वर्षाच्या शेवटी मुद्दल आणि साचलेलं व्याज असं सगळं एकदम भरायचं, आणि बांगड्या घेऊन जायच्या. वर्षाचं व्याज धरूनसुद्धा रक्कम किमतीच्या पाऊण हिश्शात बसते, म्हणून काळजी नाही."

तिने मान डोलावली. भावानेही डोलावली. बांगड्या तिच्यासमोर पुडक्यात बंद झाल्या, लाखेचं सील लागलं, तिने सही केली. पावती तिने तिच्या पद्धतीने तीनदा वाचली. मग एक लाख वीस हजार भावाच्या पिशवीत गेले.

पहिला महिना भरला आणि भाऊ शब्दाला जागला. बाराशे रुपये पाकिटात घालून घेऊन आला. मावशीने दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली, पतपेढीत गेली, रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या मुलीच्या मागे फोन वाजत होता, पुढे चौदा माणसं होती. मावशीने पावती आणि पाकीट पुढे केलं, "व्याज भरायचंय."

मुलीने पावती पाहिली. "यात दर महिन्याला भरायची गरज नाही हो. ही बुलेटवाली योजना आहे. मुदतीला एकदम."

"म्हणजे आत्ता नको?"

"गरज नाही," मुलगी म्हणाली आणि मागच्या माणसाचं चलान ओढलं.

मुलीने सांगितलं त्यात चूक काहीच नव्हती. गरज नव्हतीच. घ्यायची मनाई होती असंही नव्हतं, पण ते मावशीने विचारलं नाही आणि मुलीने सांगितलं नाही. मावशी बाहेर आली आणि तिने जे केलं, ते वॉर्डात चौतीस वर्षं काढलेल्या बाईनेच करावं. लोकांची वस्तू आपल्याकडे ठेवून घ्यायची नाही, ज्याची त्याला, ताबडतोब, मोजून द्यायची. रुमालातले दागिने जसे द्यायची तशी ती थेट भावाच्या घरी गेली आणि पाकीट त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"अरे, ते घेत नाहीत. भरायची गरज नाही म्हणाले. तुझे तुझ्याकडे ठेव."

"गरज नाही?" भाऊ म्हणाला.

"दर महिन्याला गरज नाही. शेवटी एकदम."

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "बरं झालं बाई," ती म्हणाली. पाकीट उचलून तिने आत नेलं.

झालं. एवढंच. 'शेवटी एकदम' हे दोन शब्द त्या घरात शिरले की नाही, की उंबऱ्यावरच राहिले, देव जाणे. मावशीला वाटलं, भाऊ दर महिन्याचे बाराशे बाजूला टाकत असेल. तसं विचारायचं तिच्या मनात यायचं, पण सख्ख्या भावाला दर महिन्याला 'बाजूला टाकलेस का' म्हणून विचारायचं म्हणजे त्याच्या अंगावरचे दागिने मोजल्यासारखं. ती विचारायची नाही. कर्जखात्यात मात्र मोजदाद चालू होती. पहिल्या महिन्याला बाराशे चढले. दुसऱ्या महिन्याला व्याजावरही व्याज लागून बाराशे बारा. तिसऱ्याला बाराशे चोवीस. कुणी बघो न बघो, ते आपलं चढत होतं.

भावाचं काम चांगलं चाललं. वर्षभरात त्याच्या घरात बाहेरच्या खोलीला नवे पडदे आले, भिंतीवर घड्याळ आलं, आणि आठव्या की नवव्या महिन्यात एक सोफा आला. दुसऱ्यांसाठी सोफे करून करून म्हातारा होत आलो, एक आपल्यालाही करू, असं म्हणून त्याने गडद लाल मखमलीचा, गोल हाताचा, तीन माणसांचा सोफा केला होता. मावशी त्यावर बसली तेव्हा भावजय म्हणाली, "जरा बेताने हं ताई, कापड महागाचं आहे." मावशी पुढच्या काठावर टेकून बसली.

इकडे तिने खोली बघून ठेवली. इस्पितळापासून दहा मिनिटांवर, एका निवृत्त मास्तरीणबाईंच्या घराच्या मागच्या अंगाला. एक खोली, मोरी, वर पत्रा नाही तर स्लॅब, आणि खिडकीतून एक लिंबाचं झाड. भाडं नावापुरतं, पण अनामत दोन लाख. मावशीने आपल्या पासबुकातली सगळी शिल्लक, पंधरा हजार, इसार म्हणून दिली आणि बाकीचे निवृत्तीच्या महिन्यात देते म्हणून सांगितलं. मास्तरीणबाईंनी छापील पावती दिली. त्या खोलीत ट्रंक कुठे ठेवायची आणि पलंगाचं डोकं कुठल्या बाजूला करायचं, हे मावशीने मनातल्या मनात इतक्या वेळा ठरवलं, की एकदा तर ती वॉर्डातल्या बाईची खाट भलत्याच दिशेला ओढू लागली.

मुदत संपायला एक महिना होता तेव्हा पतपेढीचं पत्र आलं. अमुक तारखेला, सोमवारी, एकूण देय रक्कम एक लाख पस्तीस हजार दोनशे एकोणीस. मावशीने ते दोनदा वाचलं. बाराशे बारा महिन्यांचे चौदा हजार चारशे होतात, ते तिला तोंडपाठ होतं. वरचे आठशे एकोणीस कुठले ते तिने पतपेढीत जाऊन विचारून घेतलं.

"ते व्याजावरचं व्याज, मावशी," साहेब म्हणाले. "दर महिन्याला व्याज भरत गेला असता तर ते लागलं नसतं."

"मी आले होते की भरायला."

"मग घेतलं असतं. सक्ती नव्हती, बंदीही नव्हती."

"मला म्हणाल्या, गरज नाही."

साहेब खिडकीकडे पाहत राहिले. तिथे आता दुसरीच मुलगी बसली होती.

सोमवारच्या आधीच्या शनिवारी मावशी भावाकडे गेली. भाऊ वाटच पाहत होता, खुशीत होता. कपाटातून कागदात गुंडाळलेली गड्डी काढून त्याने तिच्या मांडीवर ठेवली. "घे ताई. एक लाख वीस हजार. मोजून घे. म्हटलं होतं ना, वर्षात? दिला शब्द पाळला."

मावशीने मोजले. मोजायची सवयच तिची. बरोबर एक लाख वीस हजार होते.

"आणि व्याजाचे?" तिने विचारलं.

"कसलं व्याज?"

तिने पत्र काढून दिलं. त्याने ते वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूसुद्धा बघितली. "अगं पण व्याज तर भरायचं नव्हतं ना?"

"कोण म्हणालं?"

"तू. इथे, याच जागी. पाकीट परत आणून दिलंस. म्हणालीस, भरायची गरज नाही, तुझे तुझ्याकडे ठेव."

"शेवटी एकदम, असंही म्हणाले होते मी."

"ते मुद्दलाचं म्हणालीस."

"हो ताई," भावजय म्हणाली. ती या वेळीही दारातच होती. "मी इथेच उभी होते. 'घेत नाहीत' म्हणालात. माझ्या कानांनी ऐकलंय. आता वर्षाने येऊन पंधरा हजार मागायचे म्हणजे..."

"मी मागत नाहीये. पतपेढी मागतेय."

"कर्ज कुणाच्या नावावर आहे?" भावजयीने विचारलं, आणि विचारून झाल्यावर तिची तिलाच लाज वाटली असावी, कारण ती लगेच आत गेली.

मावशी लाल सोफ्यावर बसली होती. काठावर नाही, या वेळी पूर्ण मागे टेकून. त्या मऊ मखमलीवर हात ठेवल्यावर तिला कळलं, की आपण आपल्याच व्याजावर बसलो आहोत. बाराशे, बाराशे, बाराशे करत ते पैसे पडद्यांत गेले होते, घड्याळात गेले होते, आणि उरलेले या स्पंजात. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो भावाचा कमी आणि स्वतःचा जास्त आला. पाकीट परत द्यायला सांगितलं होतं कुणी? ट्रंकेत टाकलं असतं तर?

"अरे, तू एवढा धंदा करतोस," ती म्हणाली. "बिनव्याजी कर्ज कोण देतं रे तुला? पतपेढी काय तुझी बहीण लागते?"

त्यावर भाऊ उठला, आत गेला, थोडा वेळ आत कुजबुज झाली. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बाराशे होते. "हे घे. ते पाकीट तू परत केलं होतंस, ते तुझं. तेवढं मी मान्य करतो. बाकीचं... पुढची मोठी ऑर्डर येऊ दे. आत्ता खरंच नाहीत गं. सगळं गोळा करून हे आणलंय."

हे खरंही असेल. मावशी उठली, एक लाख वीस हजार पिशवीत घातले आणि ते बाराशे सोफ्यावर ठेवून निघाली. खाली रस्त्यावर आल्यावर तिला वाटलं, घ्यायला हवे होते. बाराशे म्हणजे बाराशे. पण परत वर जाणं काही तिच्याने झालं नाही.

आता हातात एक लाख वीस हजार आणि सोमवारी हवेत पंधरा हजार दोनशे एकोणीस जास्त. शनिवार असल्याने पतपेढी दुपारपर्यंत उघडी होती. ती तशीच तिथे गेली. साहेबांनी तिला तीन वाटा सांगितल्या. नुसतं व्याज भरून कर्ज वर्षभर पुढे न्यायचं. किंवा हातातले भरून टाकायचे. त्यातून आधी व्याज वळतं होईल, मग मुद्दल, आणि उरलेल्या पंधरा हजारांचं नवं कर्ज करायचं. किंवा सोमवारी सगळं भरून मोकळं व्हायचं.

"पहिल्या दोन्हीत बांगड्या मिळतील?"

"नाही. त्या तारणच राहतील. एक कर्ज, एक पुडकं. पूर्ण फिटल्याशिवाय सील तुटत नाही."

"निम्म्या तरी? दोन?"

"आमच्याकडे तशी पद्धत नाही, मावशी."

बाजारातल्या सोनाराकडे गेली, तर तो म्हणाला, आधी माल आणा मग पैसे देतो. पावतीवर मी कुणालाच देत नाही. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे निवृत्तीनंतर, तेही ऑफिसच्या मर्जीने. वॉर्डात मागता आले असते. मोठ्या सिस्टरनी दिलेही असते. पण चौतीस वर्षांत जिने कुणाकडे चहाचे पैसे मागितले नाहीत, तिने शेवटच्या महिन्यात हात पसरायचा म्हणजे काय. आपलेच पैसे आपण मागावेत, एवढंच तिला सुचलं.

म्हणून रविवारी सकाळी ती मास्तरीणबाईंकडे गेली. त्या वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. मावशीने सगळं खरं सांगितलं. बांगड्या गहाण आहेत, उद्या मुदत आहे, पंधरा हजार कमी पडतात. "माझा इसार मला एका दिवसापुरता द्या. उद्या सकाळी बांगड्या सोडवते, दुपारी विकते, आणि चार वाजता तुमचे पूर्ण दोन लाख आणून देते."

"गहाण?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "हे तुम्ही आधी बोलला नव्हता."

"कर्ज माझ्या भावासाठी होतं."

"असं होय. भावासाठी." मास्तरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला. मग आत गेल्या आणि पंधरा हजार आणून दिले, एकदम कोऱ्या नोटा. मावशीकडून पावती घेतली आणि दोन तुकडे करून टेबलावर ठेवली. "घेऊन जा की. त्यात काय. पैसे तुमचेच आहेत."

मावशीचे डोळे भरून आले. दुनियेत भली माणसं आहेत, असं तिला वाटलं. तुकडे का केले, हा प्रश्न तिला पडला नाही. 'त्यात काय' याचा अर्थ तिने लावला, की खोली तुमचीच आहे.

सोमवारी पतपेढी उघडायच्या आधी ती दारात होती. पिशवीतले एक लाख वीस हजार, मास्तरीणबाईंनी दिलेले पंधरा हजार, आणि वरचे दोनशे एकोणीस तिच्या स्वतःच्या बटव्यातून, एकोणीसची चिल्लर मोजून. रक्कम भरली. पुडकं आलं. तिच्यासमोर सील तोडलं, सोनाराने पुन्हा वजन केलं, वर्षापूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहिलं. तिने बांगड्या एकेक करून हातात घेतल्या. चारही तिच्या होत्या. शेवटच्या एका बांगडीच्या कडेला कसोटीवर घासल्याची खूण होती. सही केली, आणि सवयीने सहीखाली वेळसुद्धा लिहिली.

दुपारी बाजारातल्या सोनाराकडे गेली. भाव वर्षात थोडा चढला होता. घट वगैरे जाऊन दोन लाख सात हजार आले. वीस-बावीस वर्षांची जुळवाजुळव पाऊण तासात काट्यावरून उतरली आणि नोटा झाली, त्याचंही तिला दुःख झालं नाही. बांगड्यांची खोलीच तर व्हायची होती. चारला दहा मिनिटं कमी असताना ती मास्तरीणबाईंच्या दारात उभी राहिली.

मागच्या अंगाचं दार उघडं होतं. आत एक रंगारी भिंत घासत होता.

"अगंबाई, तुम्ही?" मास्तरीणबाई बाहेर आल्या. "मला वाटलं, तुम्ही आता येत नाही."

"चार वाजता येते म्हणाले होते."

"हो, पण तुम्ही इसार परत घेतलात ना. मी समजले, तुम्हाला नको. काल संध्याकाळीच एक जण पूर्ण रक्कम घेऊन आले. बँकेत आहेत, नवराबायको दोघंही." त्यांनी आवाज थोडा खाली आणला. "आणि खरं सांगू का, रागावू नका. मी एकटी बाई. उद्या कर्ज वसूल करायला कुणी माझ्या दारात येऊन उभं राहिलं तर?"

"कर्ज फिटलं. ही बघा पावती."

"फिटलं असेल हो. चांगलं झालं."

मावशी म्हणाली, "बाई, तुम्ही 'त्यात काय' म्हणालात. मी विश्वास ठेवला." तिचा आवाज चढला नव्हता, पण रंगाऱ्याने हात थांबवला. मास्तरीणबाईंचं तोंड लाल झालं. त्या म्हणाल्या, मी खोली ठेवते असं कधीच म्हणाले नाही, आणि तेही खरंच होतं. त्या वर्षात मावशीशी कुणीच खोटं बोललं नव्हतं. खिडकीतली मुलगी नाही, भाऊ नाही, भावजय नाही, या बाई नाहीत. सगळे खरं बोलले आणि तिचं सगळं गेलं.

पुढचे तीन आठवडे तिने खोल्या पाहिल्या. दोन लाखांत जे होतं ते तिच्या ड्युटीच्या वेळेत लोक घेऊन जात, आणि जे उरे त्याची अनामत अडीचच्या पुढे. एका ठिकाणी मालकाने एकट्या बाईला देत नाही म्हणून दार लावून घेतलं. वॉर्डाने तिला निरोपाला एक शाल दिली, डॉक्टर चार शब्द बोलले, सिस्टर रडल्या. नव्या मुलींपैकी एकीने विचारलं, "मावशी, आता मजा आहे, कुठे राहणार?" तिने सांगितलं, बघू.

किल्ली द्यायला चार दिवस राहिले, तेव्हा भावाचा फोन आला. त्या शनिवारनंतर पहिलाच.

"ताई, मला कळलं खोलीचं," तो म्हणाला. आवाज खरोखर पडलेला होता. "अगं, मग मला सांगायचं नाहीस का? आमच्याकडे ये. बाहेरच्या खोलीत सोफा आहे, त्यावर तू आरामात झोपशील. हक्काचं घर आहे. त्यात विचारायचं काय?"

ट्रंक बांधून झाली होती, पलंगावर गादी गुंडाळून ठेवली होती. इस्पितळाच्या हिशेबनिसाने किल्लीसाठी दोनदा निरोप पाठवला होता.

"येते," ती म्हणाली. "पण महिन्याला किती घेशील ते आत्ता सांग."

"म्हणजे?"

"राहायचे आणि जेवायचे. आकडा सांग. आणि दर महिन्याच्या एक तारखेला घे, नको म्हणू नकोस. मला काही साचवून ठेवायचं नाही."

"ताई, काहीतरीच काय बोलतेस. मी तुझा भाऊ ना?"

"हो. म्हणून तर आधी विचारतेय."

पलीकडे फोनवर त्याने हात ठेवला असावा, कारण मागचे आवाज एकदम दबले. त्या दबलेल्या आवाजात भावजयीचा आवाज मावशीला ओळखू आला, शब्द मात्र कळले नाहीत. मग हात निघाला आणि भावाने आकडा सांगितला. तीन हजार, जेवणासकट. लाइटचं वेगळं.